नॉर्मल एसजीपीटीचा दिलासा

हिंदमाताच्या कापडबाजारात दुकानावर बसणाऱ्या ५२ वर्षांच्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट आपल्यापुढे आहे असे धरू. माणूस कल्पित आहे, पण आकडे परळ-दादरच्या कुठल्याही लॅबमधून रोज छापून बाहेर पडतात तसलेच आहेत. एसजीपीटी ४१, मर्यादा ५०. एसजीओटी ९६, ठळक अक्षरांत, पुढे वरचा बाण. जीजीटी ३१०, तेही ठळक, मर्यादा ५५. बिलिरुबिन १.१, म्हणजे कावीळ नाही. अल्ब्युमिन ३.४, किंचित कमी. सीबीसीच्या वेगळ्या पानावर प्लेटलेट १ लाख १८ हजार आणि एमसीव्ही १०३. घरी हा कागद वाचायची पद्धत ठरलेली असते. बोट सरळ एसजीपीटीवर जाते, आकडा मर्यादेच्या आत दिसला की ‘लिव्हर ठीक आहे’ असा निकाल लागतो आणि बाकीची पाने पिशवीत परत जातात. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे, की नियमित दारू घेणाऱ्याच्या रिपोर्टात सगळ्यांत जास्त पाहिला जाणारा हा आकडा सगळ्यांत कमी बोलतो, आणि कधीकधी तो नॉर्मल असणे हीच काळजीची बाजू असते.

आधी ‘नियमित’ म्हणजे किती ते पाहू, कारण रिपोर्टावर ही ओळ कधीच छापलेली नसते आणि तिच्यावाचून बाकीचे आकडे अर्धवट राहतात. आपला माणूस रोज रात्री एक क्वार्टर घेतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली, आणि आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते. १८० चे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली निव्वळ अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ०.७९ ने गुणले की साधारण ६१ ग्रॅम येतात. एक पेग १० ग्रॅमचा धरण्याची जी जागतिक रीत आहे, तिच्या हिशेबाने हे रोजचे सहा पेग झाले. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली याच रीतीने मोजावी, उत्तर ४१ ग्रॅम येते. महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कायद्याच्या भाषेत आरोग्य राखण्यासाठी दिला जातो, हा विनोद सरकारी आहे. पण रोज ६० ग्रॅम, तेही वर्षानुवर्षे, हे प्रमाण यकृताला गंभीर इजा करण्याइतके आहे याबद्दल वैद्यकात मतभेद नाही. म्हणजे रिपोर्ट उघडण्यापूर्वीच शंका पक्की आहे. तपासणीने तिचे उत्तर द्यायचे आहे, आणि एसजीपीटी एकटा ते देऊ शकत नाही.

का देऊ शकत नाही, ते या चाचणीच्या स्वभावात आहे. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीच्या आत काम करणारे एन्झाइम आहे. पेशी दुखावली की ते गळून रक्तात येते. ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या नावाखाली ते छापले जात असले तरी यकृताचे काम कसे चालले आहे हे ते सांगत नाही, आज किती पडझड झाली एवढेच सांगते. गिरणगावाच्या भाषेत बोलायचे तर गिरणीच्या फाटकातून रोज किती मोडके माग भंगारात गेले याची ती मोजदाद आहे. आत किती माग अजून चालू आहेत हे त्या मोजदादीतून कळत नाही. आणि माग संपतच आले की भंगारही कमीच निघणार. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे यकृताचा मोठा भाग व्रणासारखा घट्ट झालेल्या माणसाचा एसजीपीटी ३० किंवा ४० असणे अगदी सामान्य आहे. त्यात लॅबची मर्यादा स्वतःच सैल असते. ती ज्या ‘निरोगी’ लोकांच्या रक्तावरून ठरवली, त्यांच्यात चरबीयुक्त यकृताचे लोकही मिसळलेले होते. २००२ मध्ये मिलानच्या संशोधकांनी असे लोक वगळून पुन्हा मोजणी केली, तेव्हा पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा निघाली. त्या फूटपट्टीने आपल्या माणसाचे ४१ नॉर्मलही उरत नाहीत.

पण दारूच्या बाबतीत याहून नेमके एक कारण आहे. एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन्ही एन्झाइमे बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या मदतीने चालतात, आणि एसजीपीटी त्यावर जास्त अवलंबून आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-सिक्स कमी पडते: जेवण अर्धे राहते, चखण्यावर भागवले जाते, आणि अल्कोहोलच्या विघटनातून तयार होणारा पदार्थही त्या जीवनसत्त्वाचा नाश वाढवतो. परिणाम असा, की यकृतात एसजीपीटी मुळातच कमी तयार होते आणि पेशी फुटल्या तरी रक्तात त्याचा आकडा चढत नाही. एसजीओटीची गोष्ट उलटी. त्याचा मोठा साठा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांत असतो, आणि अल्कोहोल नेमके त्यांनाच दुखावते. म्हणून दारूच्या इजेत एसजीओटी वर आणि एसजीपीटी खाली असे चित्र उमटते. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराकडे पाहायची सवय इटालियन डॉक्टर फर्नांडो दे रितिस यांच्या १९५७ च्या कामापासून लागली, तेव्हा विषय विषाणूजन्य काविळीचा होता. दारूसाठी पुढे ठरलेला ढोबळ नियम असा: एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय बळावतो. आपल्या रिपोर्टात ९६ भागिले ४१ म्हणजे २.३. इथे एसजीपीटी नॉर्मल असणे ही एसजीओटीच्या बाणावर फुंकर नव्हे. दोन्ही मिळून एकच वाक्य आहे, आणि त्यातला एक शब्द वगळून वाचला की अर्थ उलटतो.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो योग्य आहे. एसजीओटी यकृताची मक्तेदारी नाही. ते स्नायूंतही भरपूर असते. दिवसभर गाठोडी उचलणाऱ्या हमालाचे किंवा नव्याने जिम लावलेल्या मुलाचे एसजीओटी दारूचा थेंब न घेता वाढू शकते. अशा वेळी जीजीटी कामाला येते, कारण स्नायूंत ते जवळजवळ नसतेच. एसजीओटी चढलेले, जीजीटी साधे आणि स्नायूंचे सीपीके वाढलेले, असे असेल तर यकृताला दोष देऊ नये. आपल्या माणसाचे जीजीटी मात्र ३१० आहे, म्हणून स्नायूंचा बचाव इथे टिकत नाही.

जीजीटीचाही वेगळा गैरसमज आहे. ३१० पाहून ‘लिव्हर सहापट खराब’ असे वाचले जाते. ते चूक आहे. जीजीटी पेशीच्या आवरणावर आणि पित्तवाहिन्यांत असते, आणि अल्कोहोल यकृताला ते जास्त तयार करायला लावते. त्यामुळे वाढलेल्या जीजीटीचा बराचसा भाग फुटलेल्या पेशींचा नसून चढवलेल्या उत्पादनाचा असतो. ते इजेच्या खोलीपेक्षा संपर्काची खूण जास्त आहे. आणि ही खूण फक्त दारूच उमटवते असेही नाही. मिरगीवरचे फेनिटॉइन, मधुमेह, लठ्ठपणा, यकृतातली चरबी, पित्तनलिकेतला अडथळा यांतही जीजीटी वाढते. उलट रोज पिणाऱ्या बऱ्याच जणांचे जीजीटी मर्यादेतच राहते. म्हणून जीजीटीवरून कुणाला दारुडा ठरवणे अन्यायाचे, आणि जीजीटी नॉर्मल म्हणून कुणाला सोडून देणे भोळेपणाचे. मग या आकड्याचा खरा उपयोग काय? त्याच माणसात, काळाबरोबर, तो कसा बदलतो हे पाहण्यात. दारू थांबली की जीजीटी साधारण दोन ते तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. ही घसरण स्वतःच एक पुरावा आहे. चार आठवड्यांत ३१० चे १२० च्या आसपास झाले, तर मूळ आकडा दारूनेच चढवला होता असे मानायला आधार मिळतो. दारू बंद असूनही तो हलला नाही, तर पित्तनलिकेकडे, औषधांकडे, साखरेकडे पाहावे लागते. किंवा ‘बंद’ या शब्दाकडे.

रिपोर्टाच्या आधी तीन-चार दिवस न घेण्याची युक्ती फोल का ठरते, तेही यातच आले. एसजीओटी रक्तात फार टिकत नाही, सतरा-अठरा तासांत त्याचे निम्मे होते. एसजीपीटीला सुमारे दोन दिवस लागतात. चार दिवस कोरडे काढले की एसजीओटी ९६ वरून पन्नास-साठवर येऊ शकते आणि गुणोत्तराची दुप्पट दिसेनाशी होते. रिपोर्ट सुधारल्यासारखा भासतो. पण जीजीटी तेवढ्या दिवसांत फार तर थोडे सरकते, आणि एमसीव्ही जागचे हलतही नाही. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. अल्कोहोलमुळे पेशी फुगीर बनतात, आणि एक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्यामुळे हा आकार पूर्ववत व्हायला दोन ते चार महिने लागतात. (बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेतही एमसीव्ही वाढते. शाकाहारी माणसात ती शक्यता आधी तपासावी.) म्हणजे एकाच कागदावर तीन घड्याळे आहेत: एक दिवसांचे, एक आठवड्यांचे, एक महिन्यांचे. फसवता येते ते फक्त पहिले.

आता ते पान, जे पिशवीत परत गेले होते. प्लेटलेट १ लाख १८ हजार. यकृतावरच्या प्रकरणात रक्ताच्या चकत्या कशाला, असे वाटेल. यकृत घट्ट झाले की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. त्यामुळे दीड लाखाच्या खालच्या प्लेटलेट हा यकृतातल्या व्रणाचा साधा, स्वस्त आणि हमखास दुर्लक्षिला जाणारा इशारा आहे. २००६ पासून वापरात असलेला एक हिशेब हा इशारा बाकीच्या आकड्यांशी जोडतो. त्याला फिब-फोर म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचे, आणि त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ याने भागायचे. आपल्या माणसासाठी ५२ × ९६ म्हणजे ४९९२. खाली ११८ × ६.४ म्हणजे ७५५. उत्तर ६.६. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर बरीच. या सूत्रात एसजीपीटी कुठे बसलेले आहे तेही पाहा. ते छेदात आहे. बाकी आकडे तेच ठेवून एसजीपीटी जितके कमी, तितके उत्तर मोठे. ज्या आकड्यावर घर निर्धास्त झाले, तोच इथे धोक्याच्या पारड्यात पडतो.

इथेही सावध राहायला हवे, नाहीतर एका आकड्याची अंधश्रद्धा जाऊन दुसऱ्याची येईल. चालू पिण्यामुळे एसजीओटी तात्पुरते वाढलेले असते आणि अल्कोहोल अस्थिमज्जेला थेट दाबून प्लेटलेटही कमी करते. दोन्हींमुळे फिब-फोर खऱ्याहून मोठे दिसते. पस्तिशीच्या आत आणि पासष्टीनंतर तर हा हिशेब नीट लागतच नाही. तेव्हा ६.६ म्हणजे सिरॉसिस, असा निकाल देता येत नाही. ‘पुढे तपासा’ एवढेच म्हणता येते.

आणखी एक गोष्ट हिंदमातासारख्या ठिकाणी विसरून चालत नाही. पिणाऱ्या माणसाच्या रिपोर्टातले सगळे दारूच्या खात्यावर टाकण्याची सवय डॉक्टरांनाही असते, घरच्यांना तर असतेच. दारूने एसजीओटी-एसजीपीटी चारशेच्या पुढे क्वचितच जाते. एसजीपीटी ९०० आले, तर माणूस रोज पीत असला तरी कारण दुसरे शोधावे: विषाणूजन्य कावीळ, टीबीची औषधे, अंगदुखीवर भराभर घेतलेले पॅरासिटामॉल, किंवा प्रतिकारशक्तीसाठी म्हणून सुरू केलेला काढा. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, पण डॉक्टरांनी काढ्याबद्दल विचारायला हवे हे त्याने बदलत नाही. खरा सापळा मात्र पावसाळ्यात आहे. बशीसारख्या खोलगट हिंदमाताला पाणी तुंबते, माणसे गुडघाभर पाण्यातून घरी जातात, आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यातल्या काहींना लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. लेप्टोच्या काविळीत बिलिरुबिन दहा-वीसपर्यंत चढते, पण एसजीओटी-एसजीपीटी दोनशेच्या आसपासच घुटमळतात आणि प्लेटलेट उतरतात. दारूने होणाऱ्या तीव्र हिपॅटायटिसमध्येही अगदी हेच चित्र दिसते, तापासकट. लिव्हरच्या पानावरून दोघांत फरक करता येत नाही. फरक बाहेर असतो: तापाची अचानक सुरुवात, पोटऱ्यांत धरवत नाही अशी दुखणी, लाल डोळे, स्नायूंचे सीपीके वाढलेले, आणि क्रिएटिनिन चढलेले, कारण लेप्टो मूत्रपिंडावरही हल्ला करतो. ‘पितोच ना, म्हणून कावीळ’ एवढ्यावर थांबले तर ज्या रोगाला साधी अँटिबायोटिक पुरतात त्यात माणूस हातचा जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पिणाऱ्याला ताप आणि कावीळ दिसली की आधी पाण्यातून चाललास का हे विचारावे, आणि उत्तर येण्याआधीच केईएमची वाट धरावी.

आपल्या माणसाला ताप नाही, कावीळ नाही, टीबीची गोळी नाही. म्हणून पुढचे पाऊल म्हणजे चार आठवडे दारू पूर्ण बंद ठेवून तेच रक्त पुन्हा तपासणे. पण हे ‘बंद’ त्याने स्वतःच्या मनाने सोमवारपासून करू नये. वर्षानुवर्षे रोज एवढी घेणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत थरथर, भास आणि बेभानपणा येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. सकाळी हात थरथरणारा, किंवा आधी सोडताना झटका आलेला माणूस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि थायामिन घेऊनच थांबतो. लिव्हर टॉनिकची बाटलीही या काळात बाजूला ठेवावी. ती चालू केली आणि त्याच दिवशी दारूही सोडली, की महिन्याने उतरलेल्या आकड्याचे श्रेय हमखास बाटलीला जाते, आणि पुढच्या महिन्यात बाटलीच्या भरवशावर क्वार्टर परत येते.

चार आठवड्यांनंतरचा रिपोर्ट असा आला असे धरू. एसजीओटी ४०, एसजीपीटी २८, जीजीटी १२५, एमसीव्ही १०२, अल्ब्युमिन ३.४, प्लेटलेट १ लाख २२ हजार. वरवर पाहता हा विजयाचा कागद आहे. एन्झाइमे मर्यादेत, जीजीटी निम्म्याहून खाली, म्हणजे दारू खरोखर थांबली होती आणि जुना आकडा तिचाच होता. पण प्लेटलेट पाहा. अल्कोहोलने नुसती अस्थिमज्जा दाबलेली असती तर दारू सुटल्यावर एक-दोन आठवड्यांत प्लेटलेट उसळून वर आल्या असत्या. त्या जवळजवळ जागच्या जागी आहेत, म्हणजे त्या प्लीहेत अडकत असण्याची शक्यता वाढते. फिब-फोर पुन्हा मांडला तर ५२ × ४० म्हणजे २०८०, भागिले १२२ × ५.३, उत्तर ३.२. चालू पिण्याचा फुगवटा काढून टाकल्यावरही ते २.६७ च्या वरच आहे. अल्ब्युमिनही हलले नाही. त्याचे रक्तातले आयुष्य तीन आठवड्यांच्या हिशेबात असते, म्हणून त्याला आणखी वेळ द्यायला हरकत नाही, पण सोबत रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, आता तपासायलाच हवा. यकृत खरे काम किती करते हे सांगणाऱ्या चाचण्या या दोन आहेत, आणि एसजीपीटी त्यांत नाही.

इथून पुढचे काम रक्ताच्या हातात राहत नाही. पोटाची सोनोग्राफी करून प्लीहेची लांबी आणि यकृताचा पृष्ठभाग पाहिला जातो, पण ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ एवढीच ओळ आली म्हणून व्रण नाही असे धरता येत नाही, कारण सोनोग्राफीला सुरुवातीचा व्रण सहसा दिसत नाही. फायब्रोस्कॅन यकृताचा कडकपणा मोजतो. तो उपाशीपोटी करावा लागतो, आणि चालू पिण्याची सूज हा आकडाही फुगवत असल्यामुळे दारू थांबल्यानंतरचा स्कॅनच विश्वासाचा. कडकपणा जास्त निघाला आणि प्लेटलेट अशाच दीड लाखाखाली राहिल्या, तर डॉक्टर एंडोस्कोपी सुचवतील: अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का ते पाहायला. त्या फुटल्या तर एका रात्रीत रक्ताची उलटी होऊन माणूस जाऊ शकतो. आधी दिसल्या तर गोळीने त्यांच्यातला दाब उतरवता येतो किंवा त्यांना रबरी बँड बांधता येतात. ही एंडोस्कोपी करवून घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या फायलीत पहिल्या पानावर एसजीपीटी मर्यादेतच असते.